रेघेखाली दडलेली अक्षरं

'अंत' या शब्दातलं टिंब 'न्'चं आणि 'अंबा'तलं 'म्'चं, हे मराठी माणूस पुढचं अक्षर पाहून सहज ओळखतो. पंधराव्या शतकातल्या छापील लॅटिन पानावर हेच काम स्वरावरची आडवी रेघ करते. पानावर 'क्वाटु' दिसलं आणि दोन्ही स्वरांवर रेघ असली, तर शब्द 'क्वांटुम' असतो. पहिली रेघ 'एन'ची, कारण पुढे 'टी' आहे, शेवटची 'एम'ची.

ही रेघ नजरेतून सुटली तर वाक्यच कोसळतं. लॅटिनमध्ये विभक्ती शब्दाच्या शेपटात असते. सरावासाठी एक साधं वाक्य घेऊ: 'पुएला रोसाम पोर्टात', म्हणजे मुलगी गुलाब नेते. पानावर 'रोसाम'ऐवजी 'रोसा' आणि वर रेघ असेल. रेघ विसरली की गुलाबही कर्ता दिसू लागतो आणि वाक्याला कर्म उरत नाही. म्हणूनच जाणकार आधी सगळे संक्षेप सोडवतात, मग भाषांतराला हात घालतात.

हे संक्षेप हस्तलिखितांतून आले. गुटेनबर्गने 1455च्या सुमारास माइन्झमध्ये बायबल छापलं, तेव्हा त्याने ते खिळ्यांत उतरवले. स्तंभाच्या दोन्ही कडा सरळ यायला हव्या होत्या, त्यामुळे ओळीत जागा असली की शब्द पूर्ण, नसली की आखडलेला. एकाच पानावर एकच शब्द दोन रूपांत भेटतो तो यामुळे.

सर्वांत जास्त दमवतं 'पी' हे अक्षर. त्याच्या खालच्या दांडीला आडवा छेद असेल तर 'पेर' किंवा 'पार'. अक्षराच्या डोक्यावर रेघ असेल तर 'प्रे'. दांडीपासून डावीकडे वळणदार फाटा निघाला असेल तर 'प्रो'. छेद दिलेल्या 'पी'पुढे नुसता 'एस' असेल, तर 'पेर्स' आणि 'पार्स' ही दोन्ही रूपं मांडून पाहायची. 'पार्स' म्हणजे भाग, हा नेहमीचा शब्द आहे; 'पेर्स' त्या जागी बसत नाही. 'क्यू'च्या पाठीमागचं अर्धविरामासारखं चिन्हही असंच फसवतं. ते बहुतेकदा विरामचिन्ह नसतं, तर 'क्वे' हा शब्दांश पूर्ण करतं. हाच 'क्वे' शब्दाच्या शेवटी चिकटला की त्याचा अर्थ 'आणि' होतो.

जोडाक्षरांची गोष्ट निराळी. 'सी' आणि 'टी' एकाच खिळ्यावर जोडलेले असले तरी त्यात एकही अक्षर गळलेलं नसतं, म्हणून ती मुकाट्याने सुटी करून लिहितात. संक्षेपातून भरलेली अक्षरं मात्र कंसात किंवा तिरक्या टायपात दाखवतात, म्हणजे दुसऱ्याला ती पडताळता येतात.

लांब 'एस'कडेही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं, कारण तो 'एफ'सारखा दिसतो. 'एफ'ची आडवी रेघ दांडीला आरपार छेदते; लांब 'एस'ला ती नसते, किंवा डावीकडे नुसतं टोक असतं. 'सिने' म्हणजे 'विना' आणि 'फिने' म्हणजे 'शेवटी'. दोन्ही शब्द खरे असल्याने शब्दकोश इथे चूक पकडून देत नाही. भिंग घेऊन रेघेची उजवी बाजूच तपासावी लागते.