आधी एप्सिलॉन, मग डेल्टा

ताप मोजताना 37 अंश सेल्सिअस म्हणजे 98.6 अंश फॅरनहाइट, हे आपल्याला माहीत असतं. त्यामागचं सूत्रही सरळ आहे: सेल्सिअसमधल्या आकड्याला 9/5 ने गुणायचं आणि 32 मिळवायचे. गणिताच्या भाषेत हे एक रेषीय फलन झालं, f(x) = (9/5)x + 32. याचा आलेख काढला तर सरळ रेषा येते.

आता विधान असं आहे: x हा 37 च्या जवळ जाऊ लागला की f(x) ची सीमा 98.6 असते. यात सिद्ध करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. 37 घाला, 98.6 येतात, संपलं. पण सीमेचा प्रश्न 37 वर काय होतं हा नाहीच. तो 37 च्या आसपास काय होतं, हा आहे. आणि ‘आसपास’, ‘जवळ जाणं’ हे शब्द गणितात फार काळ ढिलेच राहिले. बिशप बर्कली यांनी 1734 मध्ये कलनशास्त्रावर जी टीका केली, तिचा रोख याच ढिलाईवर होता. पुढे कोशी यांनी 1821 च्या आपल्या पुस्तकात सीमेच्या कल्पनेला बैठक दिली आणि बर्लिनमध्ये वायरस्ट्रास यांच्या व्याख्यानांतून तिला आजचं काटेकोर रूप आलं. त्या रूपात ‘जवळ’ हा शब्द उरत नाही. उरतात फक्त असमानता.

हे रूप समजायला दोन माणसांमधला व्यवहार डोळ्यांसमोर आणावा. समोरचा म्हणतो, ‘फॅरनहाइटमधली चूक 0.9 अंशापेक्षा कमी हवी.’ ही त्याची अट, म्हणजे ε. आपण उत्तर द्यायचं: ‘मग सेल्सिअसचा आकडा 37 पासून 0.5 अंशाच्या आत ठेव.’ ही आपली हमी, म्हणजे δ. तो अट कडक करून 0.09 वर आला, तर आपण 0.05 म्हणायचं. पण असं एकेक उत्तर देत बसलो तर हा व्यवहार संपणारच नाही. म्हणून कुठल्याही ε ला लागू पडेल असा एकच नियम हवा. सिद्धतेचं सगळं मर्म तो नियम शोधण्यात आहे.

शोध मात्र उलट्या दिशेने, कच्च्या कागदावर होतो. जे हवं आहे तिथून सुरुवात करायची. f(x) आणि 98.6 यांतला फरक सोडवून पाहू:

|(9/5)x + 32 − 98.6| = |(9/5)x − 66.6| = (9/5)|x − 37|

66.6 म्हणजे 37 च्या 9/5 पट, त्यामुळे 9/5 सामाईक बाहेर आला. म्हणजे x मधली चूक f(x) मध्ये 1.8 पट होऊन बाहेर पडते. ती ε पेक्षा कमी हवी असेल, तर |x − 37| हे 5ε/9 पेक्षा कमी हवं. डेल्टा सापडला.

पक्क्या कागदावर हेच सुलट क्रमाने येतं. कोणताही ε > 0 दिलेला आहे. δ = 5ε/9 घेऊ. हा δ शून्यापेक्षा मोठा आहे. आता 0 < |x − 37| < δ असेल, तर

|f(x) − 98.6| = (9/5)|x − 37| < (9/5)(5ε/9) = ε.

सिद्धता पूर्ण. वाचणाऱ्याला 5ε/9 आभाळातून पडल्यासारखा वाटतो, कारण कच्चा कागद त्याला कुणी दाखवलेला नसतो. पाठ्यपुस्तकांनी तो दाखवायला हरकत नव्हती.

विद्यार्थी अडखळतात ते बहुधा δ = ε लिहून. हे इथे चालत नाही, याचा पुरावा एका आकड्यात देता येतो. ε = 0.9 असताना x = 37.8 घ्या. अंतर 0.8, म्हणजे हमीच्या आत. पण f(x) येतो 100.04, आणि चूक 1.44. याउलट δ = ε/2 घेतला तर सिद्धता बिनचूक चालते, कारण 1/2 हा 5/9 पेक्षा लहान आहे. डेल्टा लहान घेतल्याने कधी बिघडत नाही, मोठा घेतला की बिघडतो. तो x वर अवलंबून मात्र असता कामा नये. x ठरण्याआधीच तो जाहीर झालेला असतो.

चुकीची सीमा हीच व्याख्या पकडते. कुणी 98.6 ऐवजी 99 म्हटलं, तर ε = 0.2 ची अट घालावी. x हा 37 पासून 1/9 अंशाच्या आत आला की f(x) हा 98.8 च्या खालीच राहतो, म्हणजे 99 पासून 0.2 पेक्षा जास्त दूर. त्याने कितीही बारीक δ दिला, तरी त्या δ च्या आतले आणि 37 च्या इतक्या जवळचे x असतातच, आणि तिथे त्याची हमी मोडते.

कोणत्याही f(x) = mx + c साठी हीच रीत, फक्त δ = ε/|m|. m शून्य असेल तर भागाकार करता येत नाही, पण तिथे f(x) बदलतच नाही, म्हणून कोणताही धन δ चालतो. रेषेचा चढ सगळीकडे सारखा असल्यामुळे 37 च्या जागी 40 घेतला तरी डेल्टा तोच राहतो. x² घेतलं की ही सोय जाते. तिथे 2 जवळ पुरणारा डेल्टा 100 जवळ पुरत नाही, आणि कच्च्या कागदावरचं काम वाढतं.