कमरेतल्या सुईची भीती

सकाळी नऊला हर्नियाचं ऑपरेशन, आणि रात्री साडेअकराला पेशंट खाटेवर टक्क जागा. वय पन्नाशीचं, दवाखान्यातला मुक्काम जन्मात पहिलाच. नाडी १०४, रक्तदाब १५०/९२.

नाइटच्या सिस्टरने आधी छातीत दुखतं का, दम लागतो का, हे विचारून घेतलं. वाढलेली नाडी दर वेळी भीतीचीच असते असं नाही. तसं काही निघालं असतं तर तिने ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं असतं. तसं काही नव्हतं. मग ती स्टूल ओढून बसली. ‘घाबरू नका’ असं मात्र म्हणाली नाही. (ते ऐकून कुणाची भीती पळाल्याचं ऐकिवात नाही.)

“काका, नेमकं कशाचं वाटतंय?”

“कमरेत सुई देणार म्हणे. पाय परत हललेच नाहीत तर?”

“हलणार नाहीतच, थोडा वेळ. तुम्हाला बसवून पाठ मांजरासारखी वाकवायला लावतील आणि आधी बारीक सुईने जागा बधिर करतील. मग पाय गरम लागतील, जड होतील. तेव्हा दचकायचं नाही, औषध लागू पडलं असं समजायचं. काही तासांनी पाय पहिल्यासारखे होतात. मध्ये हात लागल्याचं, ओढल्याचं कळेल, पण दुखणार नाही. दुखलंच तर लगेच बोला.”

“नंतर डोकं दुखतं म्हणतात?”

“काहींचं दुखतं, उठून बसलं की जास्त. लपवायचं नाही, त्यावर इलाज आहे.”

नुसत्या धीरापेक्षा अशी नेमकी माहिती जास्त उपयोगी पडते. १९६४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञांनी ९७ पेशंटांवर याचा अभ्यास केला. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखणं कुठे, किती आणि किती दिवस राहील आणि अंग सैल कसं सोडायचं, हे ज्यांना आदल्या रात्रीच सांगितलं, त्यांना नंतर वेदनाशामक औषध जवळपास निम्मंच लागलं.

काका जरा सैल झाले आणि बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली. पहाटे साडेपाचला काकू थर्मासमधून चहा आणणार होत्या. “चहा म्हणजे काय जेवण नव्हे!”

सिस्टर हसली नाही. दुधाचा चहा अन्नातच मोडतो, त्याला सहा तासांचं अंतर लागतं. नुसती कमरेतली भूल पुरली नाही आणि पूर्ण भूल द्यावी लागली, तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरायचा धोका असतो. हे तिने काकूंनाही व्हरांड्यात जाऊन समजावलं. भूलतज्ज्ञांनी केसपेपरवर लिहिल्याप्रमाणे साधं पाणी सातपर्यंत चालणार होतं.

एक वाजता नाडी ८८ होती. सकाळच्या हँडओव्हरमध्ये तिने दिवसपाळीच्या सिस्टरला सांगितलं: चहा घेतलेला नाही, शेवटचं पाणी पावणेसातला, आणि सुई देण्याआधी पेशंटला डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलायचंय.