एका पेशीच्या दहा लाख पेशी व्हायला किती वेळ लागतो?

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू. भरपूर पोषक द्रव आणि ३७ अंश सेल्सिअस तापमान मिळाले, की त्याची एक पेशी साधारण २० मिनिटांत विभागून दोन होतात. या वेळेला दुपटीचा काळ म्हणतात.

दहा लाखांचा हिशेब तोंडीही करता येतो. एकाचे दोन, दोनाचे चार असे दहा वेळा केले, की १,०२४ पेशी होतात, म्हणजे जवळपास हजार. त्या हजारातली प्रत्येक पेशी आणखी दहा वेळा दुप्पट झाली, की हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख. नेमका आकडा १०,४८,५७६. एकूण २० दुपटी, प्रत्येकी २० मिनिटे, म्हणून ४०० मिनिटे किंवा ६ तास ४० मिनिटे. सुरुवात हजार पेशींनी केली, तर दहाच दुपटी लागतात आणि वेळ निम्म्यावर येतो.

प्रत्यक्षात वेळ याहून जास्त लागतो. नव्या द्रवात टाकलेली पेशी लगेच विभागत नाही. तिथले अन्न पचवण्यासाठी लागणारी प्रथिने ती आधी तयार करते. ही तयारी तासभर किंवा त्याहून अधिक चालते. तो वेळ ४०० मिनिटांत वेगळा मिळवावा लागतो.

दुपटीचा काळ गृहीत न धरता मोजूनच काढावा. ठरावीक वेळाने थोडा द्रव काढायचा, तो पातळ करून पेट्री डिशवर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी उगवलेल्या वसाहती मोजायच्या. समजा, मिलिलिटरमागे १,००० पेशी होत्या आणि दोन तासांनी ६४,००० झाल्या. ६४ पट वाढ म्हणजे सहा दुपटी. १२० मिनिटांना सहाने भागले, की २० मिनिटे मिळतात. मात्र दर तासाची वाढ सारख्याच पटीने झालेली दिसली पाहिजे. पहिल्या तासात दुप्पट आणि दुसऱ्यात आठपट दिसली, तर तयारीचा वेळ मोजणीत मिसळला आहे.

क्षयाच्या जिवाणूला हेच गणित लावून पाहा. त्याला दुप्पट व्हायला सुमारे २० तास लागतात. २० दुपटींचे ४०० तास, म्हणजे १६ दिवसांहून अधिक. म्हणूनच थुंकीच्या कल्चरचा अहवाल यायला कित्येक आठवडे लागू शकतात.

थुंकीत तोंडातले इतर जिवाणूही असतात. क्षयाचा जिवाणू एकदा दुप्पट होतो, तेवढ्या २० तासांत २० मिनिटांनी दुप्पट होणारा जिवाणू ६० दुपटींचा वेळ मिळवतो आणि सगळे अन्न संपवून टाकतो. त्यामुळे नमुना आधी सोडियम हायड्रॉक्साइडने धुतात. क्षयाच्या जिवाणूचे मेणचट आवरण तो मारा बऱ्यापैकी सोसते, इतर जिवाणू बहुतेक मरतात. तरीही एक-दोन दिवसांतच नळी गढूळ झाली, तर ती वाढ क्षयाच्या जिवाणूची असण्याची शक्यता फार कमी. एवढ्या वेळात त्याच्या जेमतेम एक-दोन दुपटीच होऊ शकतात.