विमान पोचलं, पण शरीर मागेच राहिलं

आपल्या गटातल्या एका ताईंची एकोणीस वर्षांची लेक आठशे मीटर धावते. स्पर्धेसाठी ती मुंबईहून ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला निघाली आहे. पोचल्यावर सहाव्या दिवशी तिची शर्यत. ताईंनी मासिक बैठकीत विचारलं, "एवढ्या लांबून गेल्यावर पोरीच्या पायात जीव राहील का?" म्हणून आज आपण जेट लॅग समजून घेऊ.

ब्रिस्बेनचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असतं. मनगटावरचं घड्याळ विमानातच बदलता येतं, शरीरातलं मात्र दिवसाला साधारण तासभरच सरकतं. म्हणजे पुरतं जुळायला चार-पाच दिवस हवेत. तिथे पहिल्याच दिवशी सकाळी सहाला सराव ठेवला, तर तिच्या शरीराला तो रात्री दीड वाजताचा वाटेल. पाय जड पडतात ते याचमुळे. तिची ताकद कुठे गेलेली नसते.

शरीराचं घड्याळ सरकवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उजेड. पण तो वेळेवर मिळाला तरच उपयोगी. रोजच्या उठण्याआधी दोन-अडीच तास आपलं अंग सगळ्यात थंड असतं. त्या वेळेला आपण शरीराची मध्यरात्र म्हणू. तिच्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे नेतो, तिच्याआधीचा मागे ढकलतो. आपली मुलगी घरी साडेपाचला उठते, म्हणजे तिची मध्यरात्र पहाटे तीनच्या सुमारास. तेव्हा ब्रिस्बेनमध्ये सकाळचे साडेसात वाजलेले असतात.

गंमत इथेच आहे. ब्रिस्बेनला डिसेंबरात पाच वाजायच्या आतच सूर्य उगवतो. "लवकर उठून उन्हात जा" हा नेहमीचा सल्ला तिने पहिल्या दिवशी पाळला, तर घड्याळ उलट्या दिशेला जाईल. म्हणून पहिल्या सकाळी साडेसातपर्यंत पडदे ओढून खोलीतच राहायचं. आठ ते अकरा मात्र बाहेर फिरायचं. डोक्याला टोपी चालेल, गॉगल नको. दुसऱ्या दिवशी सातपासून आणि तिसऱ्या दिवशी सहापासून बाहेर पडलं तरी चालतं, कारण शरीराची मध्यरात्रही रोज तासाभराने अलीकडे येते.

आता जेवण. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडाचं ऐकतं, पण शरीर साखर कशी वापरतं, त्याची लय जेवणाच्या वेळांनीही सरकते. पहिल्या दिवशी सकाळी आठला भूक नसेल, तरी एक केळं आणि थोडं दही घ्यावं. पोटभर जेवण दुपारी एकला आणि रात्रीचं सातला. खरी परीक्षा मध्यरात्रीनंतर असते. तिथे साडेबारा वाजतात, तेव्हा आपल्याकडे आठ वाजलेले असतात, म्हणजे घरच्या जेवणाची वेळ. जाग येऊन भूक लागली तर कपभर दूध घ्यावं, ताट वाढून घेऊ नये. नाहीतर पोट जुन्याच वेळेला चिकटून राहतं.

चहा-कॉफीने झोप दबते, पण घड्याळ जुळत नाही. कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाही सुमारे पाच तास लागतात. आणि रात्री घेतलेली कॉफी शरीराचं घड्याळ मागे ढकलते. पूर्वेकडे गेलेल्याला तेच नको असतं. म्हणून एक कप सकाळी साडेआठला, दुसरा बाराच्या आत, मग बंद. दुपारी डोळे मिटायला लागले तर तीनच्या आत वीस मिनिटं पडावं, गजर लावूनच. जिला एरवी चहा-कॉफीची सवय नाही, तिने स्पर्धेच्या गावी सुरुवात करू नये.

सरावाचं असं बसवा. पहिले दोन दिवस दुपारी चारच्या सुमारास हलकं धावणं, अर्धा तास. वेगाचा सराव तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तोही दुपारीच. पाचवा दिवस आरामाचा. घड्याळ जुळलं हे कसं ओळखायचं? गजराविना तिथल्या सकाळी जाग येते, नाश्त्याला भूक लागते आणि उठल्याबरोबर मोजलेली नाडी घरच्याइतकी येते. चौथ्या दिवशीही नाडी चढीच असेल, तर वेगाचा सराव टाळून प्रशिक्षकांना सांगावं.

हा हिशोब पूर्वेकडच्या प्रवासाचा. परतताना तो उलटतो. तेव्हा संध्याकाळी उजेडात बसावं आणि नेहमीच्या वेळेपर्यंत जागं राहावं. ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. आणि झोपेची गोळी कुणी दिली, तरी खेळाडूने संघाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ती घेऊ नये.