चौदा दिवस म्हणजे नक्की कोणते चौदा?

लेखमाला : घरबसल्या दुकान, भाग 9

गेल्या आठवड्यात फोटोंचा विषय संपला. आता वर्णनातल्या त्या एका ओळीकडे वळायचं, जी बहुतेक विक्रेते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत लिहितात. ‘ऑर्डरनंतर 7 ते 10 दिवसांत पाठवू.’ हा आकडा आला कुठून, असं विचारलं तर उत्तर बहुधा एकच असतं : शेजारच्या दुकानदाराने तसं लिहिलं होतं.

तयार माल विकणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही. वस्तू फळीवर असते, खोक्यात भरली की निघाली. मागणीनुसार बनणाऱ्या वस्तूची गोष्ट निराळी. तिथे गिऱ्हाईक पैसे भरतं तेव्हा वस्तू अस्तित्वातच नसते. म्हणून उदाहरणही तसंच घेऊ. पायाच्या मापावर बनणारी कोल्हापुरी चप्पल, आणि ती ऑनलाइन विकणारं एक छोटं काल्पनिक घरगुती दुकान. दोन कारागीर, रविवारी सुट्टी, आठवड्याला 8 जोड्या.

एका जोडीला प्रत्यक्ष हात किती वेळ लागतो, हा हिशेब कारागिराला तोंडपाठ असतो. रापीने तळ कापणं, कान बेतणं, पट्टा, अंगठा आणि वेणी तयार करणं, वादीने शिवणं, शेवटी तेल देणं. पण कामाचा वेळ आणि वस्तू तयार होण्याचा वेळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तळाचं जाड कातडं ओलं करून ठोकतात आणि मग ते वाळावं लागतं. त्या वेळात कारागीर दुसऱ्या जोडीला लागतो, पहिली मात्र तशीच पडून असते. त्यामुळे हाती काहीही शिल्लक नसताना आलेली ऑर्डरसुद्धा आपल्या दुकानात कामाचे 5 दिवस घेते, असं धरू. आणि हाती काहीही शिल्लक नाही, असा दिवस चालत्या दुकानात येतो तरी कधी?

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो इथेच. आज आलेली ऑर्डर रांगेच्या शेवटी उभी राहते. पुढे 12 जोड्या असतील आणि आठवड्याला 8 निघत असतील, तर तिची पाळी यायलाच दीड आठवडा, म्हणजे कामाचे 9 दिवस लागणार. त्यात तिचे स्वतःचे 5 मिळवले की 14. ‘चप्पल पाच दिवसांत होते’ हे कारागिराचं म्हणणं खरं आहे, आणि ‘चौदा दिवस लागले’ ही गिऱ्हाइकाची तक्रारही खरी आहे. दोघांमधल्या रांगेचा उल्लेख वर्णनात कुठेच नव्हता, एवढंच.

रांग मोजायचा सोपा मार्ग म्हणजे जुनी वही. ऑर्डर पूर्ण आल्याची तारीख आणि पार्सल कुरिअरच्या हाती दिल्याची तारीख, अशा दोनच नोंदी पुरतात. समजा, आपल्या दुकानाच्या शेवटच्या 20 ऑर्डरींना लागलेले कामाचे दिवस चढत्या क्रमाने असे आले : 6, 6, 7, 7, 7, 8, 8, 8, 8, 9, 9, 9, 10, 10, 11, 12, 13, 14, 17, 21. बेरीज 200, सरासरी 10. आकडा गोल आहे, लिहायलाही छान वाटतो. पण 10 दिवसांच्या आत गेलेल्या ऑर्डरी मोजल्या तर 14 भरतात. म्हणजे ‘10 दिवस’ लिहिणारा विक्रेता वीसपैकी सहा गिऱ्हाइकांना दिलेला शब्द मोडतो, आणि तेही वर्ष नेहमीसारखं जात असताना. सरासरी ही विक्रेत्याच्या समाधानासाठी ठीक आहे. गिऱ्हाइकाला सांगायचा आकडा यादीच्या शेवटाजवळ सापडतो. वीसपैकी अठरा ऑर्डरी ज्यात बसल्या, तो आकडा 14. तोच लिहावा.

मग 17 आणि 21 चं काय? त्यांच्यासाठी सगळ्यांना 21 सांगणं हा प्रामाणिकपणाचा अतिरेक होईल. निम्मी गिऱ्हाइकं तो आकडा वाचूनच निघून जातील. त्याऐवजी ती दोन्ही प्रकरणं उघडून पाहावीत. समजा, 17 दिवसांची जोडी कानाचं माप चुकल्यामुळे पुन्हा करावी लागली होती आणि 21 दिवसांची जुलैमधली होती. पहिली अडचण केव्हाही येऊ शकते, तिच्यासाठी वेगळा आकडा नको. दुसरी मात्र दर वर्षी येते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा हटत नाही, कातडं वाळायला वेळ लागतो आणि घाईने ओलसर जोडी खोक्यात भरली तर ती बुरशी घेऊनच गिऱ्हाइकाच्या दारी पोचते. तेव्हा जून ते सप्टेंबर वर्णनातला आकडा वेगळाच असायला हवा. तो बदलायला एक मिनिट लागतं, आणि नेमकं तेच एक मिनिट कोणी देत नाही.

घड्याळ कधी सुरू होतं, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. मापाच्या चपलेसाठी कागदावर पाऊल ठेवून काढलेली रेघ हवी, रंग हवा, वेणी हवी की नको ते हवं. गिऱ्हाईक पैसे सोमवारी भरतं आणि पावलाचा फोटो शुक्रवारी पाठवतं. विक्रेता शुक्रवारपासून मोजतो, गिऱ्हाईक सोमवारपासून. विक्रीचं संकेतस्थळही सोमवारपासूनच मोजतं. एट्सीवरचा ‘प्रोसेसिंग टाइम’ किंवा ॲमेझॉनवरचा ‘हँडलिंग टाइम’ ऑर्डरपासून धावू लागतो, त्याला पावलाच्या फोटोशी देणंघेणं नसतं. यावर उपाय एकच : माप आधीच मागायचं. ऑर्डर देतानाच भरायच्या चौकटीत पावलाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यायची आणि ती कशी मोजायची हे फोटोंच्या मालिकेतच दाखवायचं. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी निदान वर्णनात ‘माप मिळाल्यापासून’ हे दोन शब्द आणि संकेतस्थळाच्या रकान्यात चार दिवस जास्त ठेवावेत.

वर्णनात एक आकडा आणि रकान्यात दुसरा, हा प्रकार फार दिसतो. मजकुरात ‘दोन आठवडे’ असतं आणि रकान्यात कधीकाळी भरलेले ‘3 ते 5 दिवस’ तसेच राहिलेले असतात. गिऱ्हाइकाला ‘अमुक तारखेपर्यंत मिळेल’ अशी जी तारीख दिसते, ती रकान्यातून येते. मजकुरात कितीही खरं लिहिलं तरी तारीख खोटीच दिसणार.

आकड्यांची जोडी देण्याची सवयही तपासून पाहावी. ‘7 ते 14 दिवस’ वाचणारा माणूस 7 लक्षात ठेवतो आणि आठव्या दिवशी निरोप पाठवतो. तेव्हा वरचाच आकडा लिहावा, आणि पाठवण्याचे दिवस व प्रवासाचे दिवस वेगळे सांगावेत. आपल्या दुकानाच्या वर्णनातली पहिली ओळ अशी असू शकेल : ‘ही जोडी तुमच्या मापावर बनते. ऑर्डर आल्यापासून कामाच्या 14 दिवसांत (रविवार व सण सोडून) आम्ही ती कुरिअरच्या हाती देतो. त्यानंतर महाराष्ट्रात साधारण 5 दिवस, बाहेरच्या राज्यांत 8 दिवस.’ ‘कुरिअरच्या हाती देतो’ हे शब्द मुद्दाम आहेत. लेबल छापलं की ऑर्डर ‘पाठवली’ म्हणून खूण करायची आणि पार्सल आणखी तीन दिवस घरात ठेवायचं, ही चलाखी ट्रॅकिंगच्या पानावर लगेच उघडी पडते. ही ओळ वर्णनाच्या अगदी वर असावी. फोनवर वर्णनाचा खालचा भाग दुमडलेला असतो आणि तो उघडणारे थोडेच.

आता दिवाळी. 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. आठवडाभर आधी, शनिवारी 31 ऑक्टोबरला पार्सल निघालं पाहिजे असं ठरवलं आणि तिथून कामाचे 14 दिवस मागे मोजले, रविवार आणि 20 तारखेचा दसरा वगळला, की पहिला दिवस 15 ऑक्टोबर येतो. म्हणजे ‘14 ऑक्टोबरपर्यंतच्या ऑर्डरी दिवाळीआधी’ असं लिहायला हरकत नाही, असं वाटतं.

हरकत आहे. हे 14 दिवस पुढे 12 जोड्या असतानाचे आहेत, आणि ऑक्टोबरमध्ये रांग 12 वर थांबत नाही. आठवड्याला 16 ऑर्डरी येऊ लागल्या आणि निघतात 8, तर प्रत्येक आठवड्यामागे 8 जोड्या साचतात. प्रत्येक सरत्या आठवड्याला वर्णनातली मुदतही एका आठवड्याने वाढते. त्यामुळे इथे तारखेऐवजी जोड्या मोजाव्यात. चार रविवार आणि दसरा वजा केला की ऑक्टोबरमध्ये कामाचे 26 दिवस उरतात. आठवड्याच्या सहा दिवसांत 8, या वेगाने 34 जोड्या होतील. 1 तारखेला 12 आधीच रांगेत असतील, तर दिवाळीसाठी उरल्या 22. आठवड्याला 16 या हिशेबाने त्या 10 ऑक्टोबरच्या सुमारास संपतात. त्यानंतरही 14 तारखेची पाटी लावून ठेवली, तर आठ-नऊ गिऱ्हाइकांना न पाळता येणारा शब्द दिला जाईल. बाविसावी ऑर्डर आली की त्याच संध्याकाळी ओळ बदलायची : ‘यापुढच्या ऑर्डरी दिवाळीनंतर निघतील.’ नेहमी खपणाऱ्या दोन-तीन मापांच्या जोड्या उन्हाळ्यात करून ठेवल्या असतील, तर त्या ‘तयार, दोन दिवसांत रवाना’ अशा वेगळ्या नोंदीखाली विकता येतात. मापाच्या आणि तयार जोड्या एकाच नोंदीत ठेवल्या की मुदतीचा गोंधळ ठरलेला.

वर्णनातल्या आकड्याला कायद्याचंही वजन आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याने सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा वस्तू उशिरा पोचवली, तर ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला तो नकार देऊ शकत नाही. अपवाद आहे तो आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेला पूर आला आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद पडला, ती अशी आपत्ती म्हणता येईल. दर जुलैला ओलं राहणारं कातडं मात्र या सदरात बसवणं अवघड आहे.

इतकं करूनही वीसपैकी दोन ऑर्डरी हुकणारच. त्यांच्यासाठी निरोप पाठवायचा तो मुदत संपल्यावर नव्हे, तर उशीर दिसू लागताच, बाराव्या दिवशी. त्यात कारण एका वाक्यात, नवी तारीख पक्की, आणि थांबायचं की पैसे परत हवेत याची निवड गिऱ्हाइकाकडे : ‘ताई, डाव्या पायाचा कान मापाला बसला नाही, म्हणून तो पुन्हा करतोय. जोडी गुरुवारऐवजी पुढच्या मंगळवारी कुरिअरला देऊ. थांबणं शक्य नसेल तर कळवा, पूर्ण रक्कम आजच परत करतो.’ नवी तारीख ठरवताना दोन दिवस हातचे ठेवावेत, कारण एकदा पुढे ढकललेली तारीख दुसऱ्यांदा ढकलली, तर तो निरोप कोणी पुरता वाचतही नाही.

(पुढील आठवड्यात : पार्सलची बांधणी आणि वजनाचे दर)