सायरनचा सूर नेमका कधी उतरतो?

ध्वनी शिकवताना वर्गात ठरलेल्या तीन स्लाइड हमखास येतात. पहिलीत पाण्यावरची एकमेकांत मिसळणारी वर्तुळं असतात, म्हणजे व्यतिकरण. दुसरीत दोन्ही टोकांना बांधलेली थरथरणारी तार असते, म्हणजे स्थिर तरंग. तिसरीत रुग्णवाहिका असते. तिच्या पुढे दाटीवाटीने काढलेल्या रेषा, मागे विरळ रेषा आणि खाली डॉप्लरचं नाव. विद्यार्थी तिन्ही वेगवेगळ्या उतरवून घेतात आणि परीक्षेतही त्या वेगवेगळ्याच येतात. पण तिसरी स्लाइड नीट समजून घेतली, तर पहिल्या दोन तिच्यातच सापडतात.

सुरुवात एका पक्क्या गैरसमजापासून करावी लागेल. रुग्णवाहिका जवळ येताना तिचा सूर चढत जातो आणि दूर जाताना उतरत जातो, असं बहुतेकांना ठामपणे वाटतं. त्यातलं चढत जाणं खरं नाही. गाडी एकाच वेगाने सरळ येत असेल, तर लांबवर असतानाच तिचा सूर चढा असतो. जवळ येताना तो आणखी वर जात नाही, आणि समोरून जाताना फक्त उतरतो. वाढतो तो आवाजाचा जोर. आवाज मोठा होत गेला की कान त्यालाच सूर चढल्याचं समजतो. जॉन न्यूहॉफ आणि मायकेल मॅकबेथ या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली हा भ्रम प्रयोगांतून दाखवून दिला.

आता आकडे घेऊ, अगदी सोपे. सायरनचा एक स्थिर सूर आहे, सेकंदाला १००० कंपनांचा, म्हणजे १००० हर्ट्झचा. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. गाडी उभी असेल तर एका सेकंदात सुटलेल्या १००० लाटा ३४० मीटरांत पसरतात आणि एकेका लाटेच्या वाट्याला ३४ सेंटिमीटर येतात.

गाडी ताशी ७२ किलोमीटरने धावते आहे असं धरू. म्हणजे सेकंदाला २० मीटर. सेकंदाच्या सुरुवातीला सुटलेली लाट ३४० मीटर पुढे गेलेली असते, पण तेवढ्यात गाडीही तिच्यामागे २० मीटर आलेली असते. त्यामुळे त्याच १००० लाटांना आता ३२० मीटरच मिळतात. एकेक लाट ३२ सेंटिमीटरची होते. गाडीच्या मागच्या बाजूला याच लाटा ३६० मीटरांत ताणल्या जातात आणि ३६ सेंटिमीटरच्या होतात. लाटांचा वेग दोन्हीकडे तोच असतो. म्हणून समोर उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर सेकंदाला १०६२ लाटा येतात आणि मागे राहिलेल्याच्या कानावर ९४४.

या दोन सुरांचं गुणोत्तर ३६० भागिले ३२०, म्हणजे ९/८. गाणं शिकलेल्या वाचकाला हा अपूर्णांक ओळखीचा वाटेल. षड्ज २४० धरला तर शुद्ध रिषभ २७० येतो, तेच हे गुणोत्तर. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी रुग्णवाहिका समोरून जाताना ‘रे’वरून ‘सा’वर उतरते. ताशी ३६ने गेली तर उतार जवळपास निम्मा होतो, साधारण कोमल रिषभापासून षड्जापर्यंतचा. पट्टीचा कान असलेल्या माणसाला नुसतं ऐकून गाडीच्या वेगाचा अंदाज बांधता येतो. मात्र उन्हाळ्यात, हवा तिशीत असताना, आवाजाचा वेग ३५०च्या आसपास जातो आणि उतार थोडा कमी होतो.

ही कल्पना मुळात रस्त्यावर सुचलेलीच नव्हती. ऑस्ट्रियाचे क्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग इथे ती मांडली, तीही जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल. उट्रेक्टच्या बायस बॅलट या डच शास्त्रज्ञाला ते रंगांचं स्पष्टीकरण पटलं नव्हतं. निदान आवाजाच्या बाबतीत तरी तपासून पाहू, म्हणून त्यांनी १८४५ मध्ये आगगाडी वापरली. त्या काळी इतक्या वेगाने धावणारं दुसरं काही नव्हतंच. इंजिनाला जोडलेल्या डब्यावर शिंग वाजवणारे बसवले आणि रुळांच्या कडेला सूर नेमका ओळखणारे वादक उभे केले. फेब्रुवारीतला प्रयत्न हवामानाने हाणून पाडला. जूनमध्ये तो जमला आणि आवाजापुरता डॉप्लर बरोबर ठरला. ताऱ्यांच्या रंगांबद्दलची बायस बॅलट यांची शंकाही रास्तच होती. ताऱ्यांचे वेग प्रकाशाच्या वेगापुढे इतके किरकोळ असतात की नुसत्या डोळ्यांना रंग बदललेला कळत नाही.

रस्त्यावरच्या सायरनची एक अडचण वर्गातल्या स्लाइडवर नसते. सायरनचा सूर मुळातच वरखाली होत असतो. रडल्यासारखा तो चढतो आणि उतरतो, आणि आत बसलेल्या नातेवाइकालाही तसाच ऐकू येतो. त्याचा डॉप्लरशी काही संबंध नाही. खरा बदल पाहायचा तर त्या हेलकाव्याचं वरचं टोक पकडावं. गाडी येतानाचं वरचं टोक आणि गेल्यानंतरचं वरचं टोक यांची तुलना केली, की पूर्ण हेलकावाच खाली सरकलेला दिसतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून वारंवारता दाखवणाऱ्या ॲपमध्ये हे सहज मोजता येतं. दोन आकड्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागायचं आणि ३४०ने गुणायचं, की गाडीचा वेग मिळतो, सेकंदाला मीटरमध्ये. वरची टोकं १५९४ आणि १४१७ आली, तर वजाबाकी १७७, बेरीज ३०११ आणि वेग सेकंदाला २० मीटर. सायरनचा मूळ सूर किती होता, हे माहीत असण्याची गरजही पडत नाही.

उतार किती झटकन होतो, हे मात्र ऐकणारा रस्त्यापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. कारण सूर बदलतो तो गाडीच्या वेगाच्या फक्त त्या हिश्श्याने, जो ऐकणाऱ्याच्या दिशेने असतो. गाडी आडवी जात असताना तो हिस्सा शून्य होतो आणि त्या क्षणी गाडीतून निघालेला आवाज मूळ सुरातच कानावर येतो. रस्त्यापासून ५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला बहुतेक उतार अर्ध्या सेकंदात ऐकू येतो. ५० मीटर आत गॅलरीत उभ्या असलेल्याला तोच उतार पाचेक सेकंद घेत सावकाश घसरताना ऐकू येईल. वेग तोच, उतारही तेवढाच.

मग उरलेल्या दोन स्लाइडचं काय? त्यासाठी गाडी सोडून एका लांब व्हरांड्यात जावं. एका टोकाला छोटा स्पीकर ठेवून ३४० हर्ट्झचा एकच सूर सतत वाजवायचा. त्याची लाट बरोबर १ मीटरची. समोरच्या टोकाला गुळगुळीत, कडक भिंत हवी. भिंतीवर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेत मिसळते. भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर परतीच्या लाटेला जाऊन-येऊन ५० सेंटिमीटरचा जास्तीचा पल्ला पडतो, म्हणजे अर्धी लाट. तिथे एकीची दाबलेली हवा दुसरीच्या विरळ हवेवर येते आणि दोघी एकमेकींना खोडतात. हे झालं व्यतिकरण. पुढची अशी जागा ७५ सेंटिमीटरवर, त्यापुढची १२५वर. दर अर्ध्या मीटरला आवाज मंदावलेली जागा ठाण मांडून बसलेली असते. हे झाले स्थिर तरंग.

एक कान बोटाने बंद करून हळूहळू डोकं पुढे-मागे नेलं, की या जागा हाताला लागाव्यात इतक्या स्पष्ट सापडतात. दोन्ही कान उघडे ठेवले तर एक कान मंद जागी आणि दुसरा भलतीकडे असं होतं आणि परिणाम पुसट होतो. पूर्ण शांतता कुठेच मिळत नाही, कारण परतीची लाट भिंतीत थोडी जिरलेली असते आणि बाजूच्या भिंती व छतही आपलं काहीतरी मिसळत असतात. पडदे किंवा गाद्या असलेल्या खोलीत हा प्रयोग फसतो तो त्यामुळेच.

आता स्पीकरकडे पाठ करून भिंतीकडे चालायचं, सेकंदाला १ मीटरने. दर अर्ध्या मीटरला एक मंद जागा, म्हणजे सेकंदाला दोन. आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि दोनदा विरतो. गणित संपलं.

पण हाच अनुभव डॉप्लरच्या भाषेत मांडला तर? चालणारा माणूस स्पीकरपासून दूर जातो आहे, म्हणून मागून येणारा सूर त्याच्यासाठी ३३९ हर्ट्झचा होतो. भिंतीकडून येणाऱ्या लाटेला तो सामोरा जातो आहे, म्हणून तो सूर ३४१चा. इतके जवळचे दोन सूर एकत्र कानावर आले की त्यांच्या फरकाइतके हेलकावे ऐकू येतात. तंबोरा जुळवताना दोन तारा किंचित बेसूर असल्या की असाच हेलकावा येतो. भौतिकशास्त्रात त्यांना विस्पंद म्हणतात. ३४१ वजा ३३९, सेकंदाला दोन. उत्तर तेच, आणि ते योगायोगाने आलेलं नाही. उभ्या माणसाला जो स्थिर तरंग वाटतो, तोच चालत्या माणसाला दोन सरकलेल्या सुरांचा विस्पंद वाटतो.

वेग मोजणारी रडार गन याच फरकावर चालते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा वेग दाखवणारं रडार सुमारे २४ गिगाहर्ट्झच्या लाटा सोडतं. चेंडूवरून परतलेली लाट निघालेल्या लाटेत मिसळली जाते आणि उरलेला फरक मोजला जातो. ताशी १४४ किलोमीटरच्या चेंडूसाठी तो साधारण ६४०० हर्ट्झ येतो. लेसरवर चालणाऱ्या स्पीडगनचा मात्र डॉप्लरशी संबंध नाही. त्या प्रकाशाच्या ठोक्यांना जाऊन यायला किती वेळ लागतो, ते मोजतात.

दवाखान्यातल्या डॉप्लर तपासणीतही हेच घडतं, फक्त चेंडूच्या जागी रक्तातल्या तांबड्या पेशी असतात. ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी माणसाला ऐकू येणं शक्यच नाही. पण मानेतल्या रोहिणीत रक्त सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल आणि ध्वनीची रेघ प्रवाहाशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर फरक साधारण १६०० हर्ट्झचा येतो आणि तो कानाला सहज कळतो. तपासणीच्या खोलीत येणारा सूं-सूं आवाज म्हणजे हा फरकच, सरळ स्पीकरवर सोडलेला.

इथेही आडव्या दिशेचा नियम सुटत नाही. काटकोनात धरलेल्या प्रोबला वाहतं रक्तही थांबल्यासारखं दिसतं. म्हणून डॉक्टर प्रोब तिरका करतात आणि पडद्यावर शिरेच्या दिशेने एक रेघ फिरवून यंत्राला कोन सांगतात. ती रेघ ६० अंशांपाशी ५ अंशांनी चुकली, तर रक्ताचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी चुकतो. लहान कोनात तेवढ्याच चुकीने फारसं काही बिघडत नाही. त्यामुळे कोन ६० अंशांच्या आतच ठेवावा, असा तिथला दंडक आहे.