खात्याखात्यांतील करारनामा : लेखांक चौथा
आकारणीचा प्रश्न

कापडगिरणीचे दुरुस्ती खाते आणि त्याची सेवा घेणारी कताई, विणाई व रंगाई ही तीन खाती यांच्यातील करारनाम्याची व्याप्ती आपण मागील लेखांकांत पाहिली. रोजचे तेलपाणी ज्याच्या त्याच्या खात्याकडे आणि मोडतोड दुरुस्तीकडे, ही सीमा तेथे ठरली. मुदतींविषयी मात्र एक गोष्ट पुन्हा सांगितली पाहिजे. अर्ध्या तासाची मुदत ही कारागीर यंत्रापाशी पोहोचण्याची असून यंत्र चालू होण्याची नव्हे. हा भेद कलमात स्पष्ट नसला, तर नोंदवहीत सारे वेळेवर दिसते आणि माग मात्र बंदच राहतात.

आता आकाराकडे वळू. समजा, दुरुस्ती खात्याचा पगार, भाडे व घसारा मिळून स्थिर खर्च वर्षाला 24 लाख रुपये आहे आणि प्रत्येक तासाच्या कामामागे सामान व वीज यांचे आणखी 100 रुपये पडतात. कताई व विणाई प्रत्येकी 3,000 तास आणि रंगाई 2,000 तास काम घेते. एकूण खर्च तासांवर वाटण्याची सरळ वाटणारी पद्धत स्वीकारली, तर तासाला 400 रुपये दर येतो. बाहेरचा ठेकेदार तेच काम 350 रुपयांत करतो असे दिसताच रंगाईचे खातेप्रमुख आपले काम त्याच्याकडे नेतात व 1 लाख रुपये वाचवितात. परंतु दुरुस्तीचा स्थिर खर्च तसाच राहिल्यामुळे तो उरलेल्या 6,000 तासांवर पडून दर 500 होतो, आणि गिरणीच्या तिजोरीतून जेथे तासाला 100 रुपये गेले असते तेथे 350 जाऊन 5 लाखांचे नुकसान होते. पुढील वर्षी विणाईही बाहेर जाऊ पाहते, यात तिचा काय दोष?

म्हणून आकाराचे दोन भाग करावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. राखून ठेवलेल्या तासांच्या प्रमाणात स्थिर खर्च दरमहा घ्यावा. रंगाईच्या वाट्याला चतुर्थांश, म्हणजे महिन्याला 50,000 रुपये येतील. प्रत्यक्ष कामाचा दर वर्षारंभी ठरविलेला 100 रुपयेच राहावा, मग दुरुस्ती खात्याच्या ढिलाईने खर्च 120 झाला तरी वरचे 20 त्याच खात्याने सोसावेत. रंगाईपुढे आता तुलना 350 व 100 यांची उरते, आणि काम घरातच राहते.

या तजविजीतही एक पळवाट आहे. मासिक आकार कमी व्हावा म्हणून खाती आपली गरज मुद्दाम कमी सांगतात. रंगाई 1,200 तासच राखते आणि आश्विनापर्यंत ते संपवून बसते. तिला आळा घालणारे कलम असे : राखीव तासांपलीकडील काम, धोक्याची मोडतोड सोडून, इतर खात्यांच्या कामानंतर घेतले जाईल, आणि अर्ध्या तासाच्या मुदतीचा हक्क त्याला राहणार नाही.